नफ्यावर नफा: कंदी पेढा, हायवेवरचा मॉल आणि विक्रीतली वाटणी

प्रश्न: साताऱ्यात आमचा कंदी पेढ्यांचा लहान कारखाना आहे. खवा, साखर, इंधन, मजुरी धरून किलोला २६० रुपये पडतात. हायवेवरच्या एका फूड मॉलला आम्ही ५६० ने माल देतो, तो ट्रेमधून सुटा ७५० ने विकतो. खोका, पिशवी, वजनातली तूट मिळून त्याला किलोमागे ४० पडतात म्हणतो. रोज १५ किलो खपतात. मध्ये पंधरा दिवस त्याने ६५० चा बोर्ड लावला होता, तेव्हा रोज २५ किलो गेला. पण ‘यात मला परवडत नाही, आधी तुम्ही दर उतरवा’ म्हणून परत ७५० वर गेला. एका मित्राने रेव्हेन्यू शेअरिंग सुचवलं, पण त्यात म्हणे ठोक दर आमच्या खर्चाच्याही खाली न्यायचा. पदरचे घालून माल कोण देतो? आणि वाटणी ठरवायची कशी?

उत्तर: मी आधी तुमच्या मॉलवाल्याची बाजू घेतो. तो ७५० लावतो यात हावरटपणा नाही. तुमचे ५६० आणि त्याचे ४० मिळून त्याला किलो ६०० ला पडतो. ७५० ला विकून त्याला किलोमागे १५० सुटतात, १५ किलोंचे २२५० झाले. ६५० ला त्याचे २५ किलो गेले, पण किलोमागे ५० च सुटले, म्हणजे १२५०. त्याने बोर्ड परत फिरवला यात नवल नाही. दोन्ही आकड्यांवरून दिसतं की भाव दहा रुपयांनी उतरला की रोज एक किलो जास्त जातो. त्या हिशेबाने ७०० ला २० किलो, म्हणजे २००० रुपये. ८०० ला १० किलो, पुन्हा २०००. त्याच्या गल्ल्यासाठी ७५० हाच सगळ्यात चांगला भाव आहे.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्हाला किलोमागे ३०० सुटतात, रोजचे ४५००. समजा मन मोठं करून तुम्ही ५०० केले. मॉलवाल्याला माल ५४० ला पडेल, तो बोर्ड ७२० वर आणेल आणि १८ किलो जातील. तुम्हाला किलोमागे २४०, म्हणजे ४३२०. उलट ६२० मागितले तर तो ७८० लावेल, १२ किलो जातील, तुमचे ३६० गुणिले १२, पुन्हा ४३२०. म्हणजे तुमचा ५६० हा दरही तुमच्या बाजूने अगदी बरोबर आहे.

दोघांचंही गणित बिनचूक आहे आणि तरी दोघे मिळून रोज पैसे घालवताय. हे पटायला क्षणभर असं धरा की कारखाना आणि काउंटर एकाच घरातल्या दोन भावांचे आहेत आणि गल्ला एकच आहे. मग खर्च फक्त ३००: कारखान्याचे २६० आणि काउंटरचे ४०. अशा घरात बोर्डावर ६०० लागेल, ३० किलो जातील, किलोमागे ३०० सुटतील. रोजचे ९०००. आज तुमचे ४५०० आणि त्याचे २२५० मिळून होतात ६७५०. मधले २२५० तुमच्या खिशात नाहीत, त्याच्याही नाहीत. गिऱ्हाईकाला मिळाले म्हणावं, तर तोही किलोमागे दीडशे जास्त मोजतोय. ते कुठेच गेलेले नाहीत, कारण ते जन्मालाच आले नाहीत. जे १५ किलो खपू शकले असते ते बनलेच नाहीत.

याचं मूळ एका नोंदीत आहे. तुमचा किलोमागचा ३०० रुपये नफा मॉलवाल्याच्या वहीत ‘खर्च’ म्हणून उतरतो. पेढा खरोखर ३०० ला तयार होऊन काउंटरवर येतो, पण त्याला तो ६०० ला आल्यासारखा वाटतो. त्या फुगलेल्या आकड्यावर तो आपला नफा चढवतो. जोसेफ स्पेंगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली हे मांडलं. पुस्तकात याला डबल मार्जिनलायझेशन म्हणतात, मी सरळ ‘नफ्यावर नफा’ म्हणतो.

एक अट मात्र आहे. दोघांच्याही हातात भाव ठरवण्याची ताकद असेल तरच हा रोग जडतो. सातारा शहरात पेढ्याच्या दुकानांना लागून दुकानं आहेत. तिथे एकाने ७५० चा बोर्ड लावला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, म्हणून दुकानदाराचा नफा आपोआप आवळलेला राहतो. हायवेवर बस थांबलेली असते, वीस मिनिटांत पेढा घ्यायचा तर त्याच काउंटरवर. तुमच्या शहरातल्या विक्रेत्यांशी हा करार करायच्या फंदात पडू नका, तिथे वाचवण्यासारखं फारसं नाही.

पहिला विचार असा येतो की ठोक दर सरळ २६० करावा. मग मॉलवाल्याला खरा खर्च दिसेल, तो आपण होऊन ६०० लावेल आणि ३० किलो जातील. सगळं जमलं, फक्त तुम्हाला दमडीही मिळणार नाही. म्हणजे दर उतरवायला हवा हे खरं, पण तुमचा पैसा दुसऱ्या वाटेने यायला हवा. आणि ती वाट अशी हवी की तिच्यामुळे मॉलवाल्याचा भाव ठरवण्याचा विचार बिघडू नये.

ही दुसरी वाट म्हणजे विक्रीतला वाटा. समजा ठरलं की गल्ल्यात येणाऱ्या दर शंभरातले ४० मॉलवाल्याचे, ६० तुमचे. आता ठोक दर किती ठेवायचा? तुमचा मित्र इथे बरोबर बोलला, पण कारण सांगायचं राहिलं. मॉलवाल्याला उत्पन्नाचा ४० टक्के हिस्सा मिळत असेल, तर त्याने खर्चाचाही बरोबर ४० टक्केच हिस्सा उचलला पाहिजे. एकूण खर्च ३००, त्याचे ४० टक्के १२०. त्यातले ४० तो खोका-पिशवीत आधीच घालतो. राहिले ८०. म्हणून ठोक दर ८०. सूत्र एवढंच:

ठोक दर = (मॉलचा वाटा × एकूण खर्च) − मॉलचा स्वतःचा खर्च

यामुळे होतं काय की कुठल्याही भावाला मॉलवाल्याची कमाई ही दोघांच्या एकत्र कमाईच्या बरोबर ४० टक्के येते. आणि एखाद्या गोष्टीचा ४० टक्के हिस्सा सगळ्यात मोठा व्हायचा, तर ती आख्खी गोष्टच सगळ्यात मोठी करावी लागते. म्हणून स्वतःच्या स्वार्थापोटीच तो त्या दोन भावांसारखा भाव लावतो. कागदावर पाहा. ६०० ला त्याच्या वाट्याला २४० येतात, खर्च १२०, सुटले १२०. ३० किलोंचे ३६००. त्याने ६२० केले तर वाटा २४८, सुटले १२८, पण २८ किलोच गेले: ३५८४. ५८० केले तर सुटले ११२, ३२ किलो: पुन्हा ३५८४. तो ६०० वरून हलणार नाही आणि त्याला कोणी हलू नको म्हणूनही सांगावं लागत नाही.

तुमच्या बाजूला किलोमागे ३६० वाटा अधिक ८० ठोक दर, एकूण ४४०. वजा २६०, राहिले १८०. ३० किलोंचे ५४००. आज ४५०० मिळतात. पदरचे घालून माल देण्याचा प्रश्न असा सुटतो. ८० ही तुमच्या पेढ्याची किंमत नाहीच, तो तिचा पहिला हप्ता आहे. दुसरा हप्ता पेढा विकल्यावर येतो.

आता वाटणी. ४० चा आकडा मी उदाहरणापुरता घेतला होता. आज मॉलवाल्याला २२५० मिळतात, त्याच्या खाली तो येणार नाही. ९००० तले २२५० म्हणजे २५ टक्के. तुम्हाला आज ४५०० मिळतात, म्हणजे त्याला ५० टक्क्यांच्या वर द्यायला तुम्ही तयार होणार नाही. घासाघीस व्हायची ती २५ आणि ५० च्या मध्ये. वाढलेले २२५० अर्धे-अर्धे करायचे असतील तर तो ३७.५ टक्क्यांवर येतो: त्याला ३३७५, तुम्हाला ५६२५, ठोक दर साडेबाहत्तर. मी तुमच्या जागी असतो तर ३५ पासून बोलणी सुरू करून ४० वर थांबलो असतो. अडीच टक्क्यांसाठी ताणायचं नाही, कारण पुढे काउंटरवर त्याचं मन लागायला हवं. ते का, ते खाली येईलच.

घासाघीस करताना एक गोष्ट मात्र सोडू नका. टक्का हलला की दरही हललाच पाहिजे. तुमच्या बाबतीत वाट्याच्या एका टक्क्याला ठोक दराचे ३ रुपये. ३५ टक्क्यांना ६५, ४० ला ८०, ४५ ला ९५. या जोडीत राहून कुठेही थांबलात तरी बोर्डावरचा भाव ६०० च राहतो आणि ९००० पूर्ण निघतात, फक्त कापण्याची रेघ सरकते. माझ्या पाहण्यात बहुतेक करार इथेच फसतात. टेबलावर टक्क्यावर वेगळी बोलाचाली होते, दरावर वेगळी. कारखानदार म्हणतो, ‘खर्चाखाली देणार नाही, २६० पक्के, वर विक्रीतले ३० टक्के द्या.’ ऐकायला रास्त वाटतं. आता मॉलवाल्याकडे विक्रीतले ७० टक्के राहतात, पण खर्च मात्र पूर्ण ३०० त्याच्या डोक्यावर. त्याला पेढा ३०० भागिले ०.७, म्हणजे ४२९ रुपयांना पडल्यासारखा दिसतो. तो बोर्ड ६६४ च्या आसपास लावतो, साडेतेवीस किलो जातात आणि दोघांचे मिळून होतात साधारण ८५९०. रोजचे चारशे रुपये गळतात. गंमत अशी की यात तुम्हाला आजच्यापेक्षा थोडे जास्त मिळतात आणि त्याला तर बरेच जास्त, म्हणून दोघेही खूष असतात आणि गळती कोणाच्या लक्षात येत नाही. नफ्यावर नफा अजून पुरता गेलेला नाही हे ओळखायची खूण एकच: बोर्डावरचा भाव अपेक्षेपेक्षा वर थांबलेला असतो.

उलट्या बाजूनेही घसरता येतं. ‘माल तुमच्याकडे ठेवतो, ठोक दर शून्य, विकाल त्यावर २० टक्के कमिशन’ असा व्यवहार केलात तर मॉलवाल्याला फक्त खोका-पिशवीचा खर्च दिसतो, पेढ्याचा दिसतच नाही. तो ५५० चा बोर्ड लावून ३५ किलो उडवेल. पेढा तुमचा, उदारपणा त्याचा. गर्दी पाहून आनंद होतो, पण एकत्र कमाई ९००० ची ८७५० झालेली असते.

खर्च मोजतानाही जपा. सूत्रात जायचा तो फक्त किलोमागे वाढणारा खर्च. काउंटरवरच्या मुलाचा पगार, जागेचं भाडं, तुमच्या भट्टीच्या कर्जाचा हप्ता हे १५ किलो विकले काय किंवा ३० विकले काय, तेवढेच राहतात. मॉलवाल्याने ते किलोवर वाटून ४० चे ९० करून सांगितले तर सूत्रातून ठोक दर चुकीचा निघेल. असे खर्च वाट्याच्या टक्क्यात भरून काढायचे असतात, दरात नाही.

आता पावसाळा. जुलैमध्ये रस्त्यावरची वर्दळ ओसरली की हाच पेढा कमी खपतो. समजा आज ९०० च्या वर कोणी घेत नाही, तिथे पावसात ही कमाल मर्यादा ७८० वर येते. दोन भावांचा योग्य भाव आता ५४०, विक्री २४ किलो, कमाई ५७६०. ४० टक्के आणि ८० रुपयांच्या करारात मॉलवाला आपण होऊन ५४० वर येतो, त्याला २३०४ मिळतात, तुम्हाला ३४५६. करारात एक अक्षर बदलावं लागलं नाही, कारण सूत्रात मागणी कुठे आलेलीच नाही, फक्त खर्च आला आहे. माझ्या मते या कराराचा सगळ्यात मोठा गुण हाच. याऐवजी ‘२६० ने माल घ्या आणि रोज ५४०० ठोक द्या’ असं ठरवलं असतं तर उन्हाळ्यात निकाल हुबेहूब तोच आला असता. पावसात मात्र मॉलवाल्याच्या हाती ३६० रुपये उरले असते आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला असता.

खर्च बदलला तर मात्र दर बदलावा लागतो. खव्यामुळे तुमचा किलोचा खर्च ४० ने चढला तर एकूण खर्च ३४०, त्याचे ४० टक्के १३६, वजा ४०, म्हणजे ठोक दर ९६. वाढलेल्या ४० पैकी १६ त्याने उचलायचे. हे वाक्य करारात आधीच घाला, म्हणजे लग्नसराईत खवा तापला की पुन्हा टेबलावर बसावं लागत नाही. खर्चाचा पुरावा म्हणून खव्याची बिलं दाखवण्याची तयारी ठेवा.

उरलेल्या मालाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. आज ट्रेमध्ये एक किलो पेढा खराब झाला तर मॉलवाल्याचे ५६० जातात, म्हणून तो ट्रे अर्धाच भरतो आणि शनिवारी दुपारी तीनलाच माल संपतो. ८० च्या दराने त्याची भीती त्याच्या वाट्याएवढीच उरते, तो ट्रे भरलेला ठेवतो. अमेरिकेत व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर साखळीने १९९८ च्या सुमारास स्टुडिओंशी असाच करार केला. कॅसेटची ठोक किंमत सुमारे ६५ डॉलरवरून ८ डॉलरच्या आसपास आली आणि भाड्यातला वाटा स्टुडिओला मिळू लागला. दुकानांत नव्या सिनेमांच्या प्रती कितीतरी वाढल्या. गणित तेच, फक्त तिथे दुखणं बोर्डावरच्या भावापेक्षा साठ्याचं होतं. एवढं लक्षात ठेवा की या करारात माल परत घ्यायचा नाही. उरलेल्या किलोचे ८० परत केलेत तर त्याला साठ्याची काहीच झळ लागणार नाही आणि रोज संध्याकाळी तुमचा टेम्पो शिळा पेढा घेऊन साताऱ्याला येईल.

आता जिथे हे बिघडतं तिथे येतो. पहिली गोष्ट गल्ल्याची. आजच्या व्यवहारात मॉलवाला कितीला विकतो हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालतं. उद्या त्याच्या प्रत्येक विक्रीत तुमचे ६० टक्के आहेत, म्हणजे बिलाबाहेर गेलेल्या दर किलोमागे त्याचे ३६० वाचतात. मोह मोठा आहे. किलो लपवणं त्याला अवघड जातं, कारण किती किलो उतरवले ते तुम्हाला माहीत असतं. लपवता येतं ते दोन ठिकाणी: ‘खराब झाला’ म्हणून दाखवलेल्या मालात, आणि बोर्ड ६५० चा असताना वहीत ६०० लिहिण्यात. म्हणून रोज सकाळी तुमच्या माणसाने उरलेला ट्रे काट्यावर ठेवून वजन लिहायचं आणि बोर्डाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. आदल्या दिवशीची शिल्लक अधिक उतरवलेला माल वजा खराब म्हणून टाकलेला माल वजा आजची शिल्लक म्हणजे विक्री. ती बिलांच्या काट्याशी जुळली पाहिजे. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही तारीख दाखवण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, त्यामुळे कोणता ट्रे खरंच उतरला ते तारखेवरून तपासता येतं. खराब म्हणून दाखवलेला माल तुमच्या माणसासमोर टाकायचा. वजनात फोड-तुकड्याचे दीड-दोन टक्के इकडेतिकडे होतील, त्यावरून भांडू नका. सलग आठवडाभर फरक एकाच बाजूला जात असेल तर मात्र बसून बोला.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे, कारण तिची वजन-मापं नाहीत. आज तुमचा एक किलो खपला की मॉलवाल्याला १५० सुटतात. नव्या करारात १२० च. एकूण कमाई जास्त आहे, पण एकेका किलोची ओढ कमी झाली. शेजारी दुसऱ्या कोणाचा पेढा ठेवलेला असेल आणि त्यावर त्याला अजूनही १५० सुटत असतील, तर काउंटरवरचा मुलगा चव बघायला कोणता तुकडा पुढे करेल? मी सांगलीत खर्चाचे हिशेब लिहून देण्याचं काम करतो. एका बेदाणा पॅकिंगवाल्याला असाच करार लिहून दिला होता. आकडे अगदी सुताला सूत जुळवले होते. दोन महिन्यांनी दुकानात जाऊन पाहिलं तर त्याची पाकिटं गुडघ्याच्या उंचीच्या फळीवर, आणि डोळ्यांसमोर दुसऱ्याचा माल. दुकानदार फसवत नव्हता, त्याची बिलं चोख होती. मीच करार लिहिताना शेजारची फळी पाहिली नव्हती.

याला करारातला कुठलाही टक्का औषध नाही. दुकानदार मेहनतीचा खर्च पूर्ण सोसतो आणि फळाचा ४० टक्केच खातो, हे या कराराच्या पोटातच आहे. म्हणून चवीच्या तुकड्याचा पेढा तुम्ही फुकट द्या, ट्रेची जागा करारात लिहून घ्या, सणाच्या दिवसांत तुमचा माणूस काउंटरवर उभा करा. आणि त्या मॉलमध्ये विक्री मुख्यतः काउंटरवरच्या मुलाच्या आग्रहावर चालत असेल, तर हा करार करूच नका. तिथे किलोमागचं मोठं मार्जिनच काम करतं.

अजून एक मार्ग सांगतो, कदाचित तो तुम्हाला सोपा पडेल. सुट्या पेढ्याऐवजी बंद खोका दिलात तर त्यावर एमआरपी छापावी लागते आणि दुकानदाराला तिच्या वर विकता येत नाही. किलोच्या खोक्यावर ६०० आणि वरचा कर मिळून होईल ती किंमत छापा आणि ४४० ने द्या. मॉलवाल्याला किलोमागे १२०, तुम्हाला १८०, हिशेब अगदी वाटणीच्या करारासारखाच, आणि गल्ला तपासायची गरज नाही. पावसाळ्यात एमआरपी लवचीक राहत नाही, तो ६०० वरच अडून बसेल, १८ किलो जातील आणि एकत्र कमाई ५७६० ऐवजी ५४०० होईल. रोजचे ३६० रुपये. गल्ल्यावर नजर ठेवायला रोज माणूस पाठवण्याचा खर्च यापेक्षा जास्त असेल तर खोकाच बरा. फक्त हायवेवरच्या गिऱ्हाईकाला ट्रेमधला ताजा पेढा डोळ्यांसमोर तोलून हवा असतो हे खरं, आणि मॉलवाले बरेचदा ‘एमआरपी जास्त छापून द्या’ असा हट्ट धरतात. तो हट्ट मान्य केलात तर मुद्दाच गेला.

वाटणीचाच करार करायचं ठरलं तर पैशाची बाजू आवळून ठेवा. रोज ३० किलोंवर तुमचा वाटा १०,८०० रुपये त्याच्या गल्ल्यात पडून असतो, आठवड्याला ७५,६००. महिनाभर थांबलात तर तीन लाखांच्या वर. हिशेब दर सोमवारी करायचा आणि एका आठवड्याच्या वाट्याएवढी अनामत आधी घ्यायची. वाटा जीएसटी वजा केलेल्या विक्रीवर काढायचा. मी वर सगळीकडे आकडे कर वगळूनच घेतले आहेत. करारात स्पष्ट लिहा की किंमत दोन भागांत आहे: माल उतरवताना ८०, आणि विक्रीनंतर ठरलेला हिस्सा. नाहीतर उद्या कोणी अधिकारी २६० चा माल ८० ला का विकला म्हणून विचारेल. दुसऱ्या भागासाठी दर आठवड्याला डेबिट नोट काढायची, तिचा नमुना तुमच्या सीएकडून आधीच पक्का करून घ्या.

आणि करारात ६०० हा विक्रीचा भाव मात्र कुठेही लिहू नका. तो मी तुमच्या दोनच नोंदींवरून काढला आहे, आणि ६०० ला विक्री कधी झालेलीच नाही. प्रत्यक्षात कदाचित ६२० बरोबर निघेल, कदाचित ५७०. टक्का आणि ठोक दर यांची जोडी बरोबर असेल तर मॉलवाला महिनाभर बोर्ड खालीवर करून तो भाव स्वतःच शोधून काढेल, आणि त्याला जो सगळ्यात फायद्याचा सापडेल तोच तुम्हालाही फायद्याचा असेल.